टेबलाला तडा गेलाय? डमरूचे तुकडे बसवून घेण्याचा खर्च

भरीव लाकडाच्या टेबलाला कडेकडून आत चीर पडत गेली की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. सुतार भुसा आणि फेविकॉल कालवून ती बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडते. नाहीतर फळीच बदलायचं ठरतं. तिसरा उपाय म्हणजे तड्यावर आडवे, डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे खाच करून बसवणं. फर्निचरवाले त्यांना बो-टाय किंवा बटरफ्लाय की म्हणतात. डमरूची कंबर बरोबर तड्यावर येते आणि दोन्हीकडची रुंद टोकं लाकडाला धरून ठेवतात. तडा मिटत नाही, पण पुढे सरकायचा थांबतो. काम एवढंच आहे, आणि त्यापेक्षा जास्त कबूल करणाऱ्यापासून सावध राहावं.

नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. सहा बाय तीन फुटांचं सागवानी जेवणाचं टेबल, फळी दीड इंच जाड. एका टोकाकडून १४ इंच आत गेलेला तडा, कडेला तो ४ मिलिमीटर रुंद आहे आणि खालूनही दिसतो. इथे तीन तुकडे पुरतात: कडेपासून साधारण तीन इंचांवर एक, मध्ये एक आणि तडा जिथे संपतो त्याच्या जरा अलीकडे एक. प्रत्येक तुकडा तीन इंच लांब, टोकाला सव्वा इंच रुंद, कंबरेला अर्धा इंच आणि पाऊण इंच जाड, म्हणजे फळीच्या निम्म्या जाडीइतका. पाच-सहा मिलिमीटरची पातळ चकती वरून चिकटवली तर दिसायला तसंच दिसतं, पण ती नुसती नक्षी झाली.

आता हिशेब. तीन तुकड्यांना करवतीची नासधूस धरूनही २५ घनइंचांपेक्षा जास्त लाकूड लागत नाही. घनफुटात १,७२८ घनइंच असतात. शिसम किंवा सागवान घनफुटाला पाच हजार धरला तरी हे सत्तर-पंचाहत्तर रुपयांचं लाकूड झालं, आणि सुताराकडे ते तुकड्यांच्या ढिगात पडलेलंच असतं. तेव्हा ‘शिसम महाग झालंय हो’ असं म्हणून कोणी दर वाढवत असेल तर ऐकून घ्या, मान्य करू नका. शंभर रुपये लावा. इपॉक्सीचे अडीचशे, स्क्रू, वॉशर आणि पॉलिश पेपर मिळून दोनशे.

खरा पैसा हाताला लागतो. चांगला सुतार आधी तुकडे बनवतो, त्यांच्या बाजूंना खाली किंचित निमुळता उतार देतो आणि मग प्रत्येक तुकडा टेबलावर ठेवून भोवती सुरीने रेघ मारतो. तिन्ही तुकडे मापाने सारखे असले तरी प्रत्यक्षात केसभर वेगळे निघतात, म्हणून प्रत्येकाची खाच त्याच्यासाठीच कोरायची आणि दोन्हींवर आकडा टाकायचा. आतलं लाकूड राऊटरने किंवा गिरमिटाने काढायचं, कडा मात्र धारदार पटाशीनेच. तुकडा ठोकून बसल्यावर मिलिमीटरभर वर राहतो. इपॉक्सी पूर्ण सुकली की तो रंध्याने फळीला समतल करायचा. तीन तुकड्यांना एक दिवस जातो. दुसरा दिवस तडा भरणं, घासणं आणि टेबलाखालची दुरुस्ती यात जातो. रोजाचा दर गावागणिक बदलतो. हिशेबासाठी १,४०० धरला तर दोन दिवसांचे २,८०० होतात; तुम्ही तुमच्याकडचा दर घालून बघा.

पॉलिशचा खर्च बहुतेक लोक विसरतात. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशवर एका ठिकाणी डागडुजी केली तर डाग उठून दिसतो, त्यामुळे सगळा पृष्ठभाग घासून परत करावा लागतो. टेबल १८ चौरस फुटांचं. फुटाला दीडशे धरले तर २,७०० रुपये. सगळी बेरीज ६,०५० होते, आणि त्यातलं जवळपास निम्मं पॉलिशच खातं. टेबलाला नुसतं तेल किंवा मेण लावलेलं असेल तर हा आकडा जवळजवळ पूर्ण वाचतो, कारण तिथे दुरुस्त केलेला भाग तेवढाच घासून परत तेल देता येतं.

वाचवायचा आणखी एक मार्ग आहे आणि तो सुतार स्वतःहून सांगत नाही: तुकडे खालच्या बाजूने बसवा. वर फक्त तडा भरायचा, पॉलिशला हात लावायचा नाही. खर्च ३,३५० च्या आसपास येतो. अट एकच, तडा आरपार हवा. वरवरच्या चिरेला खालचा तुकडा पोहोचतच नाही. अर्थात काहींना तुकडे दिसायलाच हवे असतात. जॉर्ज नाकाशिमा या अमेरिकी फर्निचरकाराने ते उघडे ठेवून त्यांनाच टेबलाची शोभा केलं. तशी हौस असेल तर सागावर काळपट शिसम खुलतो, पण गरज तीनची असताना सात बसवून घेऊ नका.

काम देण्याआधी टेबलाखाली बॅटरी मारून बघा, कारण तुकडे हा तड्यावरचा इलाज आहे, कारणावरचा नाही. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. तीन फूट रुंदीत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फळी खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळलेली किंवा आडव्या पट्ट्यांना चिकटवलेली असेल तर तिला हलायला जागा राहत नाही आणि ती फाटते. अशा टेबलाला तुकडे लावले तर पुढचा तडा त्यांच्या शेजारी पडेल. पट्ट्यांतली स्क्रूची भोकं आडवी लांबट करून वॉशरसह स्क्रू परत लावणं हे तासा-दोन तासांचं काम आहे. वर धरलेल्या दुसऱ्या दिवसात ते आलंय. दरपत्रकात ते वेगळं लिहून घ्या.

काही टेबलांना हा उपाय लागूच पडत नाही. भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाच्या रेषा वेगळ्या दिसत असतील, तर तो तडा नाही, दोन फळ्यांचा सुटलेला सांधा आहे. तो साफ करून, परत गोंद लावून क्लॅम्पमध्ये आवळला की काम होतं. प्लायवूड किंवा एमडीएफवर वरचा थर फुटला असेल तर तिथे डमरू कोरून काहीच मिळत नाही. लाकडातून भुसा गळत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त.

काम नीट झालंय का, हे पॉलिश चढण्याआधीच कळतं. तुकड्याच्या लाकडाच्या रेषा डमरूच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे तड्याला आडव्या गेलेल्या हव्यात. त्या तड्याला समांतर असतील तर तुकडा कंबरेतच मोडणार, मग बसवणी कितीही सुबक असो. भोवतीच्या रेघेत जाड कागदाची कड घालून बघा. ती आत गेली तर खाच सैल आहे. रेघेभोवती काळपट भुसा-गोंदाची जाड किनार दिसली तर ती सैल खाच बुजवल्याची खूण समजा. पॉलिश झाल्यावर यातलं बरंच झाकलं जातं, म्हणून सुताराचा आणि पॉलिशवाल्याचा हिशेब वेगळा ठेवा आणि सुताराचे शेवटचे पैसे हे सगळं डोळ्यांनी तपासल्यावरच द्या.