सूचनापत्र लेखन: मोठे पाहुणे येण्याआधी

समजा चिखलदऱ्याच्या एका हॉटेलात मोठ्या कंपनीचे संचालक मुक्कामाला येणार आहेत. मॅनेजर आदल्या दिवशी फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंगला सूचनापत्र देतात. त्यात 'योग्य ती व्यवस्था ठेवावी' एवढंच लिहिलं, तर काम कोणाचं हेच कळत नाही. नमुना बघा:

"संचालक साहेब उद्या दुपारी ४ वाजता येतील. खोली १०४, बदलू नये. त्यांच्या सचिवांनी कळवल्याप्रमाणे उशी पातळ, चहा बिनसाखरेचा. हाउसकीपिंग सुपरवायझरने २ वाजेपर्यंत उशी व जास्तीचं ब्लँकेट ठेवावं. गिझरचा नुसता दिवा पाहू नये, नळाचं पाणी गरम येतं का ते बघावं. मग फ्रंट ऑफिसला 'खोली तयार' कळवावं. फ्रंट ऑफिसने नोंदणी कार्ड आधीच भरून ठेवावं. आल्यावर फक्त ओळखपत्र व सही घ्यावी. स्वागत मी करेन, मी नसल्यास ड्यूटी मॅनेजर. बाकीच्यांनी दारात गर्दी करू नये."

पण गाडी लवकर आली तर? म्हणून शेवटी एक ओळ हवी: "ड्रायव्हर परतवाड्यातून फोन करतील." तिथून घाट चढायला साधारण तास लागतो. तेवढ्यात खोली पुन्हा एकदा पाहता येते, अन् स्वागताचा माणूस जागेवर येतो.

अजून एक. 'बिनसाखरेचा चहा' लिहा, 'साहेबांना शुगर आहे' असं लिहू नका. कागद दहा जणांच्या हातात जातो.