जाड लेप आणि पातळ लेप : मलेरियाच्या अहवालातील तीन उत्तरे

मलेरियासाठी रक्त तपासले की अहवालावर पुष्कळदा ‘एम. पी. पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : परजीवी आहेत का, कोणत्या जातीचे आहेत आणि किती आहेत? कोणताही एक लेप या तिन्ही प्रश्नांना पुरा पडत नाही. म्हणून आम्ही पॅथॉलॉजिस्ट एकाच काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन्ही लेप काढतो.

जाड लेपात रक्ताचे थेंब लहानशा वर्तुळात पसरतात. ओला लेप छापील मजकुरावर धरला असता खालची अक्षरे जेमतेम वाचता यावीत, इतकीच त्याची जाडी असावी. हा लेप मिथेनॉलने स्थिर करीत नाहीत. त्यामुळे जीम्साच्या पातळ द्रावणातील पाण्याने तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन धुऊन जाते आणि परजीवी व पांढऱ्या पेशी तेवढ्या उरतात. रक्ताचे अनेक थर एकाच दृष्टिक्षेत्रात आल्याने विरळ परजीवीही सापडतात. पण पेशीच नाहीशा झाल्याने परजीवी कशात बसला होता, ती पेशी फुगली होती की नाही, हे कळत नाही.

पातळ लेप मिथेनॉलने स्थिर केलेला असतो, म्हणून त्यात तांबड्या पेशी शाबूत राहतात. व्हायव्हॅक्समध्ये बाधित पेशी मोठी झालेली, तीत शुफनरचे ठिपके आणि वेडावाकडा पसरलेला परजीवी दिसतो. फॅल्सिपॅरममध्ये पेशीचा आकार बदलत नाही, कड्या नाजूक असतात आणि एका पेशीत दोन-दोनही आढळतात. उपचाराच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. व्हायव्हॅक्समध्ये यकृतात दडलेल्या परजीवींसाठी जी-६-पी-डी पाहून प्रायमाक्विनचा पूर्ण क्रम द्यावा लागतो. फॅल्सिपॅरममध्ये आर्टेमिसिनीनयुक्त संयुक्त उपचार तातडीने सुरू करावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. गोव्यात बांधकामावर काम करणारा एक मजूर चार दिवसांच्या तापाने आला आहे. जाड लेपात २०० पांढऱ्या पेशी मोजताना १२० परजीवी दिसले. सगळ्या लहान कड्या. रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये ८००० पांढऱ्या पेशी असतात असे गृहीत धरले, तर हिशेब असा :

१२० × ८००० ÷ २०० = ४८०० परजीवी प्रति मायक्रोलिटर

परंतु मलेरियात पांढऱ्या पेशी वारंवार घटतात. या रुग्णात त्या ४००० च होत्या, म्हणजे खरी संख्या २४०० ठरते. गृहीत आकड्याने ती दुप्पट दाखवली असती.

आता पातळ लेप पाहू. तांबड्या पेशी ४८ लाख धरल्या, तर २४०० म्हणजे दर दोन हजार पेशींत एक परजीवी. एका दृष्टिक्षेत्रात सुमारे २०० पेशी दिसत असतील, तर दहा क्षेत्रे पाहावीत तेव्हा सरासरी एक कडी सापडेल. पातळ लेपावरच ‘नाही’ म्हणण्याची घाई का करू नये, ते यावरून ध्यानात येईल. संयमाने पाहिल्यावर मात्र नाजूक कड्या, नेहमीच्या आकाराच्या पेशी आणि एका पेशीतील दोन कड्या दिसतात : फॅल्सिपॅरम. उलट परजीवी फार दाट असले, तर जाड लेपात मोजणे अशक्य होते. तेथे पातळ लेपावर बाधित पेशींचे शेकडा प्रमाण काढावे. ते १०% हून अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हा फॅल्सिपॅरम गंभीर मानला जातो.

उपचारानंतरची तुलना करताना हिशेबाची पद्धत बदलू नये. पहिल्या दिवशी ८००० आणि नंतर प्रत्यक्ष संख्या वापरली, तर परजीवी न घटताही घट दिसते. केळीच्या आकाराचे गॅमेटोसाइट या गणनेत धरू नयेत. ते उपचारानंतरही काही काळ रक्तात राहतात आणि त्यावरून औषध निष्फळ ठरले असे होत नाही.

चुका बहुधा काचपट्टीवरच घडतात. मिथेनॉल किंवा त्याची वाफ जाड लेपाला लागली, अथवा तो उष्णतेने वाळवला, तर पेशी फुटत नाहीत आणि लेप गढूळ, अपारदर्शक दिसतो. पातळ लेपात तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट कडीसारखी भासते. पण तिच्यात निळा पेशीद्रव आणि तांबडे केंद्रक असे वेगळे भाग नसतात. जाड लेपाची १०० क्षेत्रे पाहूनही काही आढळले नाही आणि संशय कायम असेल, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा लेप घ्यावा. असे एकूण तीन नमुने पाहावेत.

माझी विनंती एवढीच, की अहवालात जात, संख्या आणि ती कोणत्या लेपावरून व कोणती पांढऱ्या पेशींची संख्या धरून काढली, हे सारे लिहावे. तेवढे लिहिले, तर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनाही तोच हिशेब पुढे नेता येतो.