हेडटीचरांना पत्र: घर हुशार करणारा, पण प्लगला हात न लावणारा क्लब

हॅरोमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडलं असेल. मुलगी आठवीत आहे, शाळेत मायक्रोबिट हाताळलाय, आणि आता तिला घरातले दिवे 'आपोआप' लावायचे आहेत. चार मैत्रिणी मिळून शाळेत क्लब काढायचा म्हणतात. तुम्ही म्हणता, "लिही हेडटीचरांना पत्र." पत्र जातं, आणि उत्तर येतं की कल्पना छान आहे, पुढच्या टर्मला बघू. ती पुढची टर्म काही उजाडत नाही.

यात हेडटीचरांना विज्ञानाचं वावडं असतं असं नाही. 'होम ऑटोमेशन' वाचल्यावर त्यांच्या मनात वेगळेच प्रश्न उभे राहतात: मुलं 230 व्होल्टला हात लावणार का? वस्तू घरी गेली आणि काही झालं तर जबाबदार कोण? कुणाच्या घरातलं काही रेकॉर्ड होणार का? पत्रात या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर 'बघू' हेच सर्वांत सुरक्षित उत्तर असतं. म्हणून आज आपण ते पत्रच बांधू या. ते अर्थातच इंग्रजीत जाईल, इथे मजकूर मराठीत देतो.

आधी नियम, मग पत्र

शाळेतल्या इतर क्लबांपेक्षा या क्लबचा धोका वेगळ्या जागी असतो. शाळेत शिक्षक समोर असतात, टेबल मोकळं असतं. पण घरासाठी केलेली वस्तू शेवटी घरी जाते. तिथे शिक्षक नसतात, धाकटा भाऊ मात्र असतो. तेव्हा नियम असे हवेत की ते घरीही टिकतील.

पहिला नियम: वीज फक्त एए किंवा एएए बॅटरीच्या खोक्यातून, किंवा शाळेच्या कॉम्प्युटरच्या यूएसबीतून. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला जोडणी नाही. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारी छोटी निळी रिले घ्या. तिच्यावर 10 अँपिअर, 250 व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून मुलांना वाटतं की ती दिव्यासाठीच आहे. पण दिव्याची तार जोडली की त्या पट्टीच्या मागच्या बाजूचे उघडे टाके थेट 230 व्होल्टवर असतात. पट्टी उचलताना बोट तिथेच जातं. घरातला आरसीडी साधारण 30 मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो, पण बोटं लाइव्ह आणि न्यूट्रल या दोन्हींवर पडली आणि जमिनीकडे गळती झालीच नाही, तर त्याला काही कळतच नाही. म्हणून 'काळजीपूर्वक वापरू' असं लिहू नका. 'रिले क्लबमध्ये आणणार नाही' असं लिहा.

दुसरा नियम: बटण सेल नाहीत आणि सुटे लिथियम सेल नाहीत. कमी व्होल्टेज म्हणजे निर्धोक, हा गैरसमज आहे. गिळलेला बटण सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम करतो. लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागू शकते.

तिसरा नियम या क्लबचा गाभा आहे: आपली वस्तू घराला फक्त सांगेल, घर चालवणार नाही. कुलूप, हीटर, शेगडी, बॉयलर आणि धुराचा अलार्म यांना हात नाही. याची परीक्षा सोपी आहे. वस्तूची बॅटरी काढा. घर आधीसारखंच चालतंय का? 'हो' असेल तरच प्रकल्प मान्य.

चौथा नियम: कॅमेरा नाही, आवाज साठवणं नाही, आणि घरात कोण आहे हे सांगणारा संदेश नाही. मायक्रोबिटमध्ये वायफाय नसतं, त्यामुळे वस्तू इंटरनेटवर जाण्याचा प्रश्न येत नाही. पण त्याच्या रेडिओवरचे संदेश कुलूपबंद नसतात. त्याच गटक्रमांकावर लावलेला दुसरा कुठलाही मायक्रोबिट ते ऐकू शकतो. 'पुढचं दार दुपारी उघडलंच नाही' ही माहिती शेजारच्या भिंतीपलीकडेही पोचू शकते.

पत्र

आपल्याला शाळेत शिकवलेली अर्जाची सवय म्हणजे आधी विषय, मग नमस्कार, मग पार्श्वभूमी, आणि शेवटी विनंती. इथे उलटं करा. मागणी पहिल्याच वाक्यात हवी.

> आदरणीय हेडटीचर,
>
> आठवी आणि नववीच्या 12 विद्यार्थ्यांसाठी, दर बुधवारी 3.30 ते 4.30, अशा सहा आठवड्यांच्या प्रायोगिक क्लबला परवानगी द्यावी, ही विनंती. विद्यार्थी मायक्रोबिट वापरून घरात उपयोगी पडणाऱ्या छोट्या सूचक वस्तू बनवतील, उदाहरणार्थ फ्रिजचं दार उघडं राहिल्यास वाजणारी घंटी.
>
> क्लब पुढील गोष्टी करणार नाही: भिंतीतल्या विजेला किंवा तिच्यावर चालणाऱ्या उपकरणाला जोडणी, बटण किंवा सुट्या लिथियम सेलचा वापर, कुलूप, उष्णता किंवा अलार्म यांचं नियंत्रण, चित्र किंवा आवाज साठवणं, शाळेच्या वायफायला जोडणी.
>
> प्रत्येक सत्राला शाळेचे एक शिक्षक हजर असतील. डिझाइन अँड टेक्नॉलॉजीच्या शिक्षकांनी तयारी दाखवली आहे. मदतीला येणाऱ्या पालकांची डीबीएस तपासणी शाळेच्या पद्धतीने व्हावी. धोक्यांच्या मूल्यमापनाचा मसुदा सोबत आहे. तो शाळेने क्लीप्सच्या मार्गदर्शनाशी ताडून पाहावा.
>
> कोणतीही वस्तू हिरव्या कार्डाशिवाय घरी जाणार नाही. कार्डावर वस्तू काय करते, काय करत नाही, शिक्षकांची सही आणि पालकांची सही असेल.
>
> दोघांत एक याप्रमाणे सहा संच लागतील. शाळेकडचे मायक्रोबिट वापरता आले तर खर्च बॅटऱ्यांपुरताच राहील. नवे घ्यायचे झाल्यास एका संचाला साधारण 20 पौंड, म्हणजे एकूण 120 पौंड.
>
> नियम मोडला गेल्यास त्या दिवसाचं काम थांबेल आणि आपल्याला त्याच दिवशी कळवलं जाईल. सहा आठवड्यांनंतर क्लब चालू ठेवायचा की नाही, हे आपण ठरवावं. याविषयी बोलण्यासाठी दहा मिनिटं मिळाल्यास आभारी राहू.

पत्रातल्या काही गोष्टींमागची कारणं सांगतो. 2016 साली ब्रिटनमधल्या सातवीच्या मुलांना सुमारे दहा लाख मायक्रोबिट मोफत दिले गेले. त्यामुळे शाळेच्या एखाद्या कपाटात ते पडून असण्याची बरीच शक्यता असते. आधी चौकशी करा, पैशांचा मुद्दाच संपेल. क्लीप्स ही शाळांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या सुरक्षिततेबद्दल सल्ला देणारी संस्था. तिचं नाव पत्रात असलं की शाळेला कळतं की तुम्ही त्यांच्या नेहमीच्या वाटेने चालला आहात. आणि शिक्षकांनी तयारी दाखवली आहे हे वाक्य खरं असेल तरच लिहा. पत्राआधी त्या शिक्षकांना भेटा.

जोडपत्र: एक प्रकल्प पूर्ण

पत्रासोबत एक प्रकल्प सविस्तर जोडा. फ्रिजची घंटी त्यासाठी चांगली, कारण बंद फ्रिजमध्ये अंधार असतो आणि दार उघडलं की दिवा लागतो. मायक्रोबिटचे समोरचे छोटे एलईडी उजेड मोजायलाही वापरता येतात. मोजणी 0 ते 255 अशी मिळते. उजेड सलग एक मिनिट राहिला तर घंटी वाजवायची, एवढंच काम. खालचा प्रोग्रॅम स्पीकर असलेल्या दुसऱ्या आवृत्तीसाठी आहे.

```python
from microbit import *
import music

start = None
while True:
    if display.read_light_level() > 40:
        if start is None:
            start = running_time()
        elif running_time() - start > 60000:
            music.pitch(880, 300)
    else:
        start = None
    sleep(500)
```

यातला 40 हा आकडा फक्त सुरुवातीचा. तो प्रत्येक घरी मोजून ठरवायचा: दार उघडं असताना उजेड किती येतो ते पाहायचं आणि त्याच्या साधारण निम्मा आकडा धरायचा. मायक्रोबिटचं तोंड दिव्याकडे हवं. दुधाच्या बाटलीमागे ठेवला तर मोजणी कमी येते आणि घंटी कधीच वाजत नाही. पट्टी झिप पिशवीत ठेवा, नाहीतर गार पट्टी बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं.

आता ही वस्तू काय करत नाही, ते. दार बोटभर उघडं राहिलं तर फ्रिजचा दिवा बटणामुळे विझलेला असू शकतो. मग वस्तूच्या दृष्टीने दार बंद आहे, आणि आतलं दूध मात्र तापत असतं. दुसरं, शांतता म्हणजे दार बंद आहे, किंवा बॅटरी संपली आहे. दोन्हींत फरक ऐकू येत नाही. हा प्रोग्रॅम सतत जागा असतो, त्यामुळे बॅटऱ्या काही दिवसच टिकतात. म्हणून हिरव्या कार्डावर लिहायचं: 'रोज एकदा दार उघडून मिनिटाहून थोडं जास्त थांबा. घंटी वाजली नाही तर बॅटऱ्या बदला. अन्न सुरक्षित आहे की नाही, हे ही वस्तू सांगत नाही.'

हे शेवटचं वाक्य मुलांकडूनच लिहून घ्या. आपल्या वस्तूची मर्यादा स्वतः शोधून लिहिलेलं कार्ड जोडपत्रात असेल, तर हेडटीचरांचा दुसरा प्रश्न, 'घरी काही झालं तर?', विचारण्याआधीच सुटायला लागतो.

बॅटरी काढण्याची परीक्षा इथे लावून पाहा. फ्रिज आधीसारखाच गार राहतो, दिवा आधीसारखाच लागतो. वस्तू पास.

उत्तरात 'हो, पण' आलं तर तो 'पण' नीट वाचा. 'घरी नेऊ नका' म्हणाले तर पहिले सहा आठवडे वस्तू स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये चालवा. शिक्षकांनाच रोज ती घंटी ऐकू येईल, आणि न वाजल्याची पहिली तक्रारही तिथूनच येईल. ती तक्रार तारखेसह वहीत लिहून ठेवा. सहाव्या आठवड्यानंतरच्या पत्राला तीच वही जोडायची आहे.