सोनोग्राफीच्या कागदावरचा मुतखडा : मोठा कोणता आणि दुखवणारा कोणता?

मैत्रिणींनो, पुंडलिकनगरच्या आपल्या गटातली एक ताई मागच्या बैठकीला सोनोग्राफीचा कागद पिशवीत घेऊनच आली. चार दिवसांपूर्वी रात्री तिच्या डाव्या कुशीत असं दुखलं की बसवेना, झोपवेना. कळ पाठीतून निघून खाली जांघेपर्यंत जायची, मळमळायचं. आणि सारखं वाटायचं की लघवीला जावं, गेलं की चार थेंब. तिला वाटलं, उन्हाळी लागली. धन्याचं पाणी पिऊन बघितलं, उतार पडला नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेली.

कागदावर दोन खडे लिहिलेले होते. एक डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात, ७ एमएम. दुसरा डाव्या ‘व्हीयूजे’ला, ५ एमएम. पुढे ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’. ताईला धसका होता तो सातचा. “मोठा तोच आहे ना, मग ऑपरेशन त्याचंच करावं लागेल,” असं ती धरून बसली होती. खरं म्हणजे तिला रात्रभर रडवलं ते पाचवाल्यानं. सातवाला तर किडनीत गुपचूप पडून होता. हे कसं, ते आज समजून घेऊ. असा कागद उद्या तुमच्याही हातात पडू शकतो.

आधी आकडा वाचायला शिका. काही कागदांवर एमएम म्हणजे मिलिमीटर लिहितात, काहींवर सेंटिमीटर. ०.५ सेंटिमीटर म्हणजेच ५ मिलिमीटर. एका कागदावर ६ आणि दुसऱ्यावर ०.६ दिसलं, तर खडा विरघळलाही नाही आणि लहानही झालेला नाही, तो तेवढाच आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या मापानं सांगायचं तर मोहरी दीड-दोन मिलिमीटरची, ज्वारीचा दाणा चारच्या आसपास, आणि चांगला हरभरा आठ-नऊचा.

आता वाट बघा. किडनीत लघवी तयार होते आणि एका बारीक नळीतून खाली लघवीच्या पिशवीत उतरते. ही नळी साधारण वीतभर किंवा थोडी जास्त लांब, आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. ती थोडी ताणते, पण फार नाही. तिच्यात तीन जागा जास्त अरुंद आहेत. पहिली किडनीतून नळी सुरू होते तिथं, तिला कागदावर ‘पीयूजे’ लिहितात. दुसरी मध्ये, जिथं नळी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून जाते. तिसरी पिशवीच्या तोंडाशी, ती ‘व्हीयूजे’. खडा अडकतो तो बहुधा या तिनांपैकी एका ठिकाणी. अडकला की मागं लघवी तुंबते, किडनी फुगते आणि कळ उठते. या फुगण्यालाच हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. ‘माइल्ड’ म्हणजे थोडंसं.

ताईचा पाचवाला शेवटच्या दारापाशी होता. म्हणूनच सारखी लघवीची घाई. पिशवीच्या तोंडाशी खडा टोचत असला की उन्हाळी लागल्यासारखंच वाटतं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी त्यावर आठ-आठ दिवस घरीच काढतात. पण ही जागा तशी आशेची. पिशवीजवळ पोचलेल्या चार खड्यांपैकी साधारण तीन आपोआप पडतात, कारण निम्म्याहून जास्त वाट त्यांनी आधीच पार केलेली असते. नळीच्या वरच्या भागात अडकलेले जवळजवळ निम्मेच पडतात. आकाराचंही तसंच. ज्वारीच्या दाण्याएवढे, म्हणजे चारपर्यंतचे, दहातले सात-आठ निघून जातात. पाच ते दहामधले निम्म्याच्या आसपास, त्यातही दहाकडे जाल तसे कमी. दहाच्या पुढचा आपोआप पडण्याची वाट बघत बसू नये.

सातवाला मात्र नळीत उतरलाच नव्हता. किडनीचा खालचा कप्पा म्हणजे माठाचा तळ. तिथून खड्याला वर चढून मग नळीत यावं लागतं, म्हणून तो वर्षानुवर्षं तिथंच राहू शकतो. लघवी अडवत नाही तोवर सहसा दुखतही नाही. त्याच्यावर नजर ठेवायची आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करायची. वाढला किंवा खाली सरकला तर मग त्याचा विचार.

डॉक्टरांनी ताईला दुखण्याची गोळी दिली, नळी सैल करणारी एक गोळी रात्री घ्यायला सांगितली आणि थांबायला सांगितलं. नळी सैल करणाऱ्या या गोळीनं काहींना उठताना चक्कर येते, म्हणून ती शेजारणीची मागून घ्यायची नाही. लघवी फडक्यातून गाळायला सांगितली. सोळाव्या दिवशी सकाळी फडक्यावर तपकिरी, खरबरीत दाणा मिळाला. पाच-सहा मिलिमीटरच्या खड्याला तीन आठवडे लागणं नेहमीचंच आहे, आणि चारपासून सहा आठवड्यांपर्यंत वाट बघतात. त्यापुढे नाही. तो दाणा तिनं डबीत घालून तपासणीला नेला, म्हणजे तो कशाचा बनलाय ते कळतं.

या सोळा दिवसांत सल्ले देणाऱ्या पुष्कळ भेटल्या. हुलग्याचं माडगं खुशाल प्या, पण त्यानं नळीत अडकलेला खडा विरघळेल असं धरून चालू नका. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी ढोसल्यानंही खडा ढकलला जात नाही, उलट तुंबलेल्या किडनीवर ताण येऊन कळ वाढू शकते. भरपूर पाणी प्यायचं ते एरवी, रोजच्या रोज, नवा खडा होऊ नये म्हणून.

सोनोग्राफीच्याही मर्यादा आहेत. किडनी आणि पिशवीचं तोंड तिला चांगलं दिसतं, पण नळीचा मधला भाग आतड्यातल्या वायूमागे झाकला जातो. म्हणून कधी कागदावर खडा नसतो, फक्त किडनीला सूज लिहिलेली असते. “खडा नाही” म्हणून तो कागद कपाटात टाकू नका. अशा वेळी डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. लहान खडा सोनोग्राफीत थोडा मोठाही दिसतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या फरकावरून दोन सेंटरचं भांडण लावण्यात अर्थ नाही. आणि पिशवी भरलेली असेल तरच तिच्या तोंडाचा खडा नीट दिसतो, म्हणून पाणी पिऊन थांबा म्हणतात. कंटाळा आला तरी थांबा.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला, असं नाही. अडकलेला खडा तसाच राहून कळ मात्र बंद होऊ शकते आणि किडनी आतल्या आत महिनोन्‌महिने खराब होत जाते. म्हणून खडा हाती लागला तरी आणि नाही लागला तरी, ठरलेल्या तारखेला दुसरी सोनोग्राफी करायचीच. ताईच्या दुसऱ्या कागदावर सूज गेलेली होती, व्हीयूजे मोकळा होता, आणि सातवाला जागच्या जागी होता.

काही वेळा मात्र आकडाही बघायचा नाही आणि जागाही नाही. खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंदच झाली, उलट्यांनी पाणीसुद्धा ठरेना, बाई गरोदर असेल किंवा तिला एकच किडनी असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, घाटी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले तर चार मिलिमीटरचा खडासुद्धा जिवावर येतो. तेव्हा आधी नळीत बारीक पोकळ नळी, म्हणजे स्टेंट, घालून लघवी मोकळी करतात आणि खडा नंतर काढतात. शस्त्रक्रिया सांगितली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफीचे दोन्ही कागद सोबत ठेवा, जुनाही.