कानाने ऐकायची तळटीप

छापील ग्रंथात लेखक विधानाच्या शेवटी लहान आकडा टाकून मोकळा होतो आणि पुरावा कोठून आला हे पानाच्या तळाशी सांगतो. परंतु नभोवाणीसाठी, ध्वनिफितीसाठी किंवा व्यासपीठावरून वाचण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला, म्हणजेच श्राव्य संहितेला, पानाचा तळच नसतो. त्यामुळे पेण-रोह्याच्या इतिहासावर संहिता लिहू पाहणाऱ्याने टीप वाक्यातच ओवली पाहिजे, आणि तीही विधानाच्या आधी, कारण ऐकणाऱ्याला मागे वळून पाहता येत नाही. पुराव्याचे नाव नंतर आले, तर तोवर विधान निवेदकाचे म्हणून मनात बसलेले असते.

रोह्याशी घराण्याचे नाते असलेले आणि १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वज्ञात आहे. मात्र राजीनाम्यामागची त्यांची भूमिका सांगताना संहितालेखकापुढे निदान दोन साधने असतात. त्यांपैकी एक म्हणजे त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लोकसभेत केलेले निवेदन आणि दुसरे म्हणजे १९७४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे इंग्रजी आत्मचरित्र. छापील लेखात दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी टाकून भागते. संहितेत मात्र ‘देशमुख म्हणतात’ एवढेच आले, तर भर सभागृहात विरोधकांसमोर उच्चारलेला शब्द आणि अठरा वर्षांनंतर निवांतपणे मांडलेली आठवण यांचे वजन ऐकणाऱ्याच्या कानी सारखेच पडते, आणि खरी फसगत येथेच होते. पहिल्या साधनासाठी ‘राजीनाम्याचे कारण सांगताना त्याच जुलैमध्ये देशमुख लोकसभेत म्हणाले’ असे आणि दुसऱ्यासाठी ‘राजीनाम्याला अठरा वर्षे लोटल्यावर आत्मचरित्रात देशमुख लिहितात’ असे लिहिले, की पृष्ठांक आणि प्रकाशक गाळूनही काही बिघडत नाही. कोण, कोणत्या प्रसंगी आणि घटनेनंतर किती काळाने, या तीन गोष्टी कानाला पुरतात. पृष्ठांक वाचून दाखवणे हे पांडित्याचे प्रदर्शन होय.

काही साधने एका तोंडून निघून दुसऱ्याच्या लेखणीतून आलेली असतात, आणि ही साखळीही ऐकवावी लागते. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांची ‘गीता प्रवचने’ ही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यामुळे ‘विनोबांनी लिहिले आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते. त्याऐवजी ‘विनोबा तुरुंगात बोलले आणि साने गुरुजींनी टिपून घेतले’ असे एकदा स्पष्ट सांगावे, म्हणजे पुढे ‘प्रवचनांत विनोबा म्हणतात’ एवढा आखूड निर्देश चालतो. प्रत्येक वाक्याला पूर्ण वंशावळ जोडली, तर श्रोता कंटाळतो आणि नेमका महत्त्वाचा निर्देशही त्याच्या कानावरून जातो.

नावाचा घोळ हा निराळाच प्रकार आहे. ‘रायगडचे गॅझेटियर’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु जिल्ह्याला रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ रोजी मिळाले, तर पेण आणि रोहे या तालुक्यांची जुनी माहिती देणारा इंग्रजी अमदानीतील खंड १८८३ सालचा असून तो कुलाबा आणि जंजिरा या नावांनी निघालेला आहे. ‘१८८३ सालचे सरकारी कुलाबा गॅझेटियर’ असे म्हटल्याने शोध घेणाऱ्याला पुस्तक सापडते, शिवाय माहिती राज्यकर्त्यांच्या दप्तरातून आली आहे हेही आपोआप कळते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते उद्धरणाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांच्या, शेवटाकडे. अवतरणचिन्ह कानाला ऐकू येत नाही आणि निवेदकाचा विराम श्वासासाठी आहे की उद्धरण संपले म्हणून आहे हे कळत नाही. परिणामी गॅझेटियरच्या वाक्यामागून आलेले लेखकाचे स्वतःचे अनुमानही श्रोता गॅझेटियरच्या खाती जमा करतो. ‘येथवर गॅझेटियर, यापुढचा तर्क प्रस्तुत लेखकाचा’ असे उघड बोलणे थोडे रुक्ष वाटते खरे, पण त्याला पर्याय नाही.

संहिता ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी ती एखाद्या अनभिज्ञ माणसाला कागद न देता एकदाच वाचून दाखवावी आणि त्यातील चार-पाच विधाने कोणाची, हे त्याला विचारावे. जेथे तो ‘निवेदकाची’ असे चुकीचे उत्तर देईल, तेथे निर्देश उशिरा आला आहे किंवा गाळला गेला आहे असे समजावे. गाळलेले पृष्ठांक, आवृत्ती आणि प्रकाशक संहितेच्या समासात लिहून ती प्रत ध्वनिफितीसोबत जपून ठेवावी, कारण हरकत घेणारा श्रोता पुढे केव्हाही येऊ शकतो आणि त्याला ते दाखवावे लागते.