लघवी तुंबली होती, आणि मी डिफ्यूझर लावून बसले होते

साताऱ्यातलं शाहूपुरीचं घर सोडून आम्ही सांगलीला विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा आमचा बोका गुंड्या चार वर्षांचा होता. नसबंदी झालेली, सवयी चोख. साताऱ्याच्या घरात सकाळी उठला की तो स्वयंपाकघराच्या चौकटीला गाल घासायचा. रोज त्याच जागी. चौकटीवर त्याच्या उंचीला एक तपकिरी, तेलकट डाग पडला होता आणि सासूबाई तो दर दिवाळीला घासून काढायच्या. नव्या घरात त्याने आठवडाभर कशालाच गाल लावला नाही. पलंगाखालीच बसून असायचा.

मग त्याने पायपुसण्यावर लघवी केली, दोन दिवसांनी गादीवर. जागा बदलल्याचा ताण असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं आणि ऑनलाइन फेरोमोनचा डिफ्यूझर मागवला. डासांच्या मशीनसारखाच तो प्लगमध्ये बसतो. महिनाभर धीर धरा, असं त्यावर लिहिलं होतं, म्हणून मी धीर धरला. माझी चूक झाली ती इथे.

नवव्या दिवशी रात्री गुंड्या चार-पाच वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला. बराच वेळ बसायचा, बारीक आवाज काढायचा आणि वाळू तशीच कोरडी ठेवून बाहेर यायचा. बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू, म्हणून मी झोपले. पहाटे तो उलट्या करत होता आणि पोटाला हात लावू देत नव्हता. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "ताई, लघवी तुंबलीय. मूत्राशय दगडासारखं झालंय." बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव आणि बारीक स्फटिक यांचा गोळा त्यात अडकतो. लघवी पूर्ण अडली तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि बोका एक-दोन दिवसांतही दगावू शकतो. गुंड्याला भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. तीन दिवसांनी तो घरी आला.

माझा अंदाज अगदीच खोटा नव्हता. ताण आणि मूत्राशयाची सूज यांचा खरंच संबंध असतो. पण अडलेला मार्ग वासाने मोकळा होत नाही. ताणाचं नाव घेऊन मी नऊ दिवस डॉक्टरांकडे जायचं टाळलं.

त्यानंतर मी या फेरोमोनबद्दल नीट वाचलं, डॉक्टरांना विचारलं. मांजर गाल घासतं तेव्हा गालातल्या ग्रंथींचा स्राव तिथे लागतो. ही जागा माझी, इथे धोका नाही, अशी ती खूण असते. पात्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्यांनी 1990च्या दशकात त्या स्रावाचे भाग वेगळे केले. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारे डिफ्यूझर आणि स्प्रे त्यातल्या तिसऱ्या भागाची कृत्रिम नक्कल आहेत. दुसरा एक प्रकार पिलांना पाजणाऱ्या मांजरीच्या स्रावावरून बनवलेला आहे. तो घरातल्या मांजरांच्या आपसांतल्या तेढीसाठी वापरतात. माणसाला यातला कसलाच वास येत नाही.

आता पुरावा काय सांगतो ते बघू. लघवीची पिचकारी मारणाऱ्या मांजरांवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2011मध्ये मांडला गेला. त्यात फेरोमोन वापरल्यावर पिचकारी थांबलेल्या किंवा खूप कमी झालेल्या मांजरांचं प्रमाण नकली औषधापेक्षा जास्त निघालं. मूत्राशयाच्या सुजेबद्दल मात्र 2010च्या आढाव्याने पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. मला हे आधी माहीत असतं तर गुंड्यासाठी मी डिफ्यूझरवर विसंबले नसते. मांजरांच्या भांडणांवर 2019मध्ये 45 घरांतला एक छोटा अभ्यास आला. खरा डिफ्यूझर लावलेल्या घरांत भांडणं जास्त कमी झाली, पण नकली डिफ्यूझरच्या घरांतही ती बरीच कमी झाली होती. दोन्हीकडच्या मालकांना मांजरांशी कसं वागायचं ते शिकवलं होतं, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणजे परिणाम आहे, पण तो बेताचा आहे.

म्हणून आधी पिचकारी आणि लघवी यांतला फरक ओळखायला शिका. पिचकारी मारताना मांजर उभं असतं, शेपटी ताठ करून थरथरवतं आणि भिंतीवर, पडद्यावर किंवा कपाटाच्या कडेला थोडीशी धार सोडतं. ही खूण करायची पद्धत आहे आणि फेरोमोनचा उपयोग होण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. मात्र बोक्याची नसबंदी झाली नसेल तर आधी ती करा. बहुतेक बोक्यांची पिचकारी तेवढ्यानेच थांबते. उलट मांजर बसून गादीवर, फरशीवर, बेसिनमध्ये लघवी करत असेल, तर आधी लघवीची तपासणी आणि ट्रेची स्वच्छता. ही लक्षणं गुंड्याने मला पहिल्याच दिवशी दाखवली होती.

दुसऱ्यांदा आम्ही डिफ्यूझर लावला तो चिमी ही दुसरी मांजर घरात आली तेव्हा. चिमी बोळात बसून गुंड्याकडे टक लावून बघायची आणि तो ट्रेकडे जाणंच टाळायचा. रक्त निघेल अशी मारामारी नव्हती. या वेळी आधी दोघांची तपासणी केली, तीन ट्रे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले, खाण्याच्या वाट्या लांब केल्या आणि मग मांजरांच्या तेढीसाठीचा डिफ्यूझर लावला. चार आठवड्यांत दोघं एकाच सोफ्यावर, एक हात अंतर राखून झोपायला लागली. यात ट्रेचा वाटा किती आणि डिफ्यूझरचा किती, हे मी सांगू शकणार नाही.

लावायचाच असेल तर मांजर जिथे जास्त वेळ असतं त्या खोलीत, उघड्या प्लगमध्ये लावा. मी पहिल्यांदा सोफ्यामागे लावला होता. तिथे तेल सोफ्यातच मुरतं. एक डिफ्यूझर साधारण 50 ते 70 चौरस मीटरला पुरतो, पण आपल्याकडे खिडक्या उघड्या, वर पंखा आणि मधूनच वीज गेलेली, त्यामुळे एका खोलीपुरतीच अपेक्षा धरा. महिन्याने रिफिल बदला. स्प्रे प्रवासासाठी बरा. बास्केटच्या आतल्या कापडावर आठ-दहा फवारे मारून पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे त्यातलं अल्कोहोल उडून जातं, आणि मगच मांजर आत ठेवायचं. मांजराच्या अंगावर तो कधीही मारू नका. शांत करणारं म्हणून मिळणारं लव्हेंडर किंवा इतर सुगंधी तेल म्हणजे फेरोमोन नव्हे. काही तेलं मांजराला विषारी असतात. लघवीची जागा फिनाईलने पुसू नका. फिनॉल मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही. जैविक एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

ट्रे साफ करताना रोज ढेकळं मोजा. धडधाकट मांजराची दिवसाला लिंबाएवढी दोन-तीन ढेकळं निघतात. गोटीएवढी पाच-सहा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि बोका ट्रेमध्ये बसून कोरडाच बाहेर आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. डिफ्यूझर नंतरही लावता येतो.