दुखवट्याच्या घरी पाठवायची चिठ्ठी

चि. भाच्यास,

तुझ्या शेजारचे गृहस्थ अकस्मात निवर्तले आणि त्यांच्या दोन्ही मुलांच्या शाळेची व जेवणाची तजवीज तू करू इच्छितोस, हे पत्रावरून कळले. त्या घरी पाठवायच्या चिठ्ठीचा मजकूर तू विचारलास, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘काही लागले तर निःसंकोच सांगा’ हे वाक्य तीत घालू नकोस. कारण जिचे चित्त ठिकाणावर नाही त्या माउलीने आपली गरज हुडकावी, ती शब्दांत मांडावी आणि वर याचनाही करावी, असा भार त्या सदिच्छेने तिच्यावरच पडतो. आपण काय करणार ते निश्चित सांगावे आणि नकाराचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे ठेवावा. चिठ्ठी सध्या घरचा व्यवहार पाहणाऱ्या दिराच्या अथवा भावाच्या हाती द्यावी. मजकूर असा असावा: ‘सोमवारपासून मुलांना सकाळी पावणेसातला मी शाळेत नेईन व साडेबाराला माझी पत्नी घरी आणील. रात्रीचे जेवण साडेसातला पोचेल. डबे आम्हीच परत नेऊ. ही व्यवस्था सहामाही परीक्षेपर्यंत चालेल. यातले काही नको असेल तरच कळवावे, एरवी उत्तराची तसदी घेऊ नये.’

मुलांना कोण नेणार-आणणार, त्यांची नावे लिहून आईच्या सहीचे पत्र मुख्याध्यापकांकडे आधीच पोचते करावे. नाहीतर पहिल्याच दुपारी शिपाई मुलांना हवाली करण्यास नकार देईल आणि बोलावणे त्या शोकाकुल घरी जाईल. उद्या फाटकाशी कोण उभे असेल, हे धाकट्याला आदल्या रात्री सांगावे. वाटेत त्यांना खोदून काही विचारू नये. त्यांनी विषय काढला तर ऐकून घ्यावे. मात्र ‘बाबा गावाला गेले’ असे चुकूनही सांगू नये, कारण लहान मूल त्या परतीची खरोखर वाट पाहत बसते.

जेवणाचा बंदोबस्त एकट्याने करू नकोस. सुतकात एका सांजेला चार घरांतून पिठले-भात येतो आणि दुसऱ्या दिवशी एकही डबा येत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून बिऱ्हाडांत वार वाटून घ्यावेत आणि यादी एकाच्याच हाती असावी. त्या घरी या दिवसांत कांदा-लसूण चालतो की नाही आणि मुले काय खात नाहीत, एवढे एकदाच विचारून सर्वांना कळवावे. शाळेचा डबा निराळा करावा; मधल्या सुटीत पटकन खाता येईल अशी पोळी-भाजी पुरे.

मुदत घालण्यास मी मुद्दाम सांगितले आहे. तेराव्यानंतर पाहुणे परततात, शेजाऱ्यांचे डबेही थांबतात, आणि आईला कचेऱ्यांत वारसाच्या कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात. मुलांकडे पाहण्यास माणूस लागतो तो त्याच काळात. म्हणून आठवड्यातले दोनच दिवस तुला निभावणार असतील तर दोनच लिही, परंतु ते परीक्षेपर्यंत चुकवू नकोस.

तुझा मामा